हउमै : सेवेतूनच 'मी' वाढत असेल, तर शीख शिकवणीत त्यावर औषध कोणते?

गोदाकाठ

नोकरीनिमित्त नांदेडला राहायला आल्यापासून मी येथील एका गुरुद्वाऱ्यात सुटीच्या दिवशी लंगरच्या सेवेला जातो. माझा जन्म शीख घरात झालेला नाही आणि गुरुमुखीही मला अडखळतच वाचता येते. पहाटे गायल्या जाणाऱ्या 'आसा दी वार' या वाणीचे कीर्तन चालू असताना कानावर पडलेली एक ओळ मात्र मनातून जात नाही: 'हउमै दीरघ रोगु है दारू भी इसु माहि'. 'मी-माझे' करणारी वृत्ती हा जुनाट रोग आहे आणि त्याचे औषधही त्यातच आहे, असा तिचा अर्थ मला सांगण्यात आला.

आता माझी अडचण सांगतो. सेवेने अहंकार विरघळतो असे सगळेच म्हणतात, पण मला उलटेही दिसते. तव्याजवळ अनेक वर्षे बसणारी काही मंडळी नवख्या माणसाला तेथे सहज बसू देत नाहीत. भांडी घासण्याच्या जागीही कोण किती जुना सेवेकरी, याचा हिशोब न बोलता चालू असतो. सेवा हेच औषध असेल तर त्यातून रोग का वाढावा? आणि औषध रोगातच आहे, म्हणजे नेमके कुठे आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तळवलकर_अ

शीख धर्मात काम, क्रोध, लोभ, मोह आणि अहंकार असे पाच विकार सांगितले आहेत आणि हउमै हा त्यांतला पाचवा, म्हणजे अहंकारच होय. आपल्याकडील षड्रिपूंमध्येही तो मद या नावाने येतोच. उपायही सरळ आहे. जोडे सांभाळावेत, फरशी पुसावी, उष्टी ताटे उचलावीत. श्रीमंत माणसाने हे काम केले की त्याचा ताठा आपोआप उतरतो. आपण पाहिलेली माणसे अपवाद असावीत, किंवा त्यांची सेवा अजून पुरेशी झालेली नसावी.

वाणी_अभ्यासक

तळवलकरजी, पाच विकारांची यादी आपण बरोबर दिली आहे, पण हउमै त्या यादीत पाचव्या जागी बसवता येत नाही. अहंकार म्हणजे धन, रूप, विद्या, सत्ता यांचा ताठा. तो इतरांना दिसतो आणि कित्येकदा स्वतःलाही कळतो. हउमै त्याच्या खालच्या थरात आहे. 'मी वेगळा आहे आणि जे घडते ते माझ्यामुळे घडते' ही धारणा, आणि पाचही विकार तिच्यातून रस घेतात. म्हणून अत्यंत विनम्र दिसणाऱ्या माणसातही हउमै पुरेपूर असू शकते.

गोदाकाठ यांनी उद्धृत केलेली ओळ गुरू ग्रंथ साहिबच्या ४६६व्या अंगावर, म्हणजे पानावर आहे. १४३० अंगांच्या या ग्रंथात हउमैचा उल्लेख शेकडो ठिकाणी येतो, परंतु येथे दोन सलोक लागोपाठ आले आहेत आणि ते जोडीने वाचल्याशिवाय त्या ओळीचा उलगडा होत नाही. पहिला सलोक गुरू नानकांचा आहे. त्यात ते म्हणतात की माणूस हउमैमध्येच येतो आणि हउमैमध्येच जातो, त्यातच जन्मतो आणि त्यातच मरतो, त्यातच देतो आणि त्यातच घेतो, त्यातच कमावतो आणि त्यातच गमावतो. इथपर्यंत आपण मान हलवतो. पुढे मात्र धक्का आहे: 'हउ विचि सचिआरु कूड़िआरु, हउ विचि पाप पुंन वीचारु'. खोटारडा हउमैमध्ये आहे हे कुणीही मान्य करील, पण खरे बोलणाराही तेथेच आहे. पाप आणि पुण्य यांचा विचारही त्याच वर्तुळात चालतो. मूर्ख आत आहे, शहाणाही आत आहे. मळणे आत आहे आणि मळ धुणेही आत आहे.

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. देणारा हउमैमध्ये राहून देऊ शकतो, तर भांडी घासणाराही हउमैमध्ये राहून भांडी घासू शकतो. तव्याजवळची जागा धरून बसलेला सेवेकरी अपवाद नाही, त्याच्याबद्दलच हा सलोक बोलतो आहे.

दुसरा सलोक गुरू अंगदांचा. त्यांनी प्रश्नच विचारला आहे: ही हउमै उपजते कुठून, आणि कोणत्या संयमाने जाते? उत्तरात ते प्रथम सांगतात की हाही हुकूम, म्हणजे ईश्वरी आज्ञाच आहे आणि पूर्वी केलेल्या कर्मांच्या संस्कारांमुळे जीव भटकत राहतो. मग आपली ओळ येते, दीर्घ रोग आणि त्यातच औषध. त्याच्या लगेच पुढे औषध कसे घ्यायचे ते आहे: 'किरपा करे जे आपणी ता गुर का सबदु कमाहि'. त्याची कृपा झाली तर माणूस गुरूच्या शब्दाची कमाई करतो. येथे सेवेचे नावही नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. औषध आहे शब्द, आणि तोही पाठ करून मोकळे होण्याचा नव्हे. कमाई हा कष्टाचा शब्द आहे, शेतकरी किंवा कारागीर जसा रोज राबून मिळवतो तसा. सेवा ही त्या कमाईची जागा आहे. तेथे शब्द मनात नसेल तर उरते ते अंगमेहनतीचे काम.

सुरंगी

मला या विषयात फारसे कळत नाही, पण मनात साचलेले आहे म्हणून लिहिते. लग्नानंतर मी घरात कोणत्याही गोष्टीवर मत दिले की 'अहंकार सोड' हे वाक्य ऐकायला मिळे. नोकरीत बढती मिळाली तेव्हाही हेच ऐकावे लागले. पुढे मी बोलणेच बंद केले, सगळ्यांपुढे नमते घेतले आणि त्याला सगळे माझा चांगुलपणा म्हणू लागले. शीख शिकवणही हेच सांगत असेल, तर ज्याच्या हातात काहीच नाही त्याला आणखी खाली ढकलण्याचे ते साधन होणार नाही का? 'मी' सोडायला आधी 'मी' असावा लागतो.

तळवलकर_अ

सुरंगीताई, आपला प्रश्न कौटुंबिक आहे, त्यासाठी वेगळा धागा काढल्यास बरे होईल.

वाणी_अभ्यासक

मला तो प्रश्न येथलाच वाटतो, आणि 'आसा दी वार'मध्येच त्याचे उत्तर आहे. याच वाणीत ४७०व्या अंगावर गुरू नानक सावरीच्या झाडाचे उदाहरण देतात: उंच, सरळ, प्रचंड, पण फळे बेचव आणि पाने निरुपयोगी. नम्रता आणि गोडवा हेच सर्व गुणांचे सार, असे ते म्हणतात. येथवर कोणताही धर्मोपदेशक येईल. त्यानंतर मात्र ते म्हणतात की जो तो स्वतःच्या फायद्यासाठी वाकतो, दुसऱ्यासाठी कुणी वाकत नाही, आणि 'अपराधी दूणा निवै जो हंता मिरगाहि'. हरणाची शिकार करणारा पारधी तर दुप्पट वाकतो. अंतःकरण अशुद्ध असताना डोके वाकवून काय होणार, असा त्यांचा प्रश्न आहे. म्हणजे वाकणे हा हउमै गेल्याचा पुरावा होऊ शकत नाही. कोण कशासाठी वाकतो आहे, हे पाहावे लागते. भीतीने वाकलेल्या माणसाची हउमै गेलेली नसते, ती फक्त दबलेली असते. आणि त्याला वाकवणाऱ्याची तर त्यातून पोसलीच जाते.

रोजच्या अरदासमध्ये, म्हणजे प्रार्थनेत, शीख संगत एक मागणे मागते: शिखांचे मन नीवां असो, मत उच्ची असो, आणि त्या मतीचा राखणदार स्वतः वाहेगुरू असो. मन खाली, पण बुद्धी उंच. ज्याने हे मागितले आहे त्याच्याकडून विवेक गहाण टाकण्याची अपेक्षा कुणालाही करता येणार नाही. नववे गुरू तेगबहादूर यांच्या एका सलोकात ज्ञानी कोणाला म्हणावे ते सांगितले आहे: जो कुणाला भय देत नाही आणि कुणाचे भय मानत नाही. ते स्वतः १६७५ मध्ये दिल्लीत शहीद झाले, पण बादशहापुढे झुकले नाहीत. 'अहंकार सोड' असे म्हणणारा माणूस त्या वाक्याने आपली सत्ता टिकवत असेल, तर या शिकवणीच्या दृष्टीने उपचाराची गरज प्रथम त्याला आहे.

सुरंगी

आभारी आहे. पारध्याचे उदाहरण मला कधीच कुणी सांगितले नव्हते.

दख्खनी_सरदार

आमची काही पिढ्यांची वस्ती नांदेडचीच. घरात पंजाबी आणि मराठी दोन्ही चालतात, शाळा मराठीत झाली. पुस्तकी चर्चा माझ्याहून चांगली करणारे येथे आहेत, म्हणून मी फक्त चालरीत सांगतो.

आमच्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी तीन गोष्टी पक्क्या केल्या. सेवेला लागण्यापूर्वी मनात अरदास करायची, म्हणजे काम आपले राहत नाही. 'मी सेवा केली' असे म्हणायचे नाही, 'सेवा मिळाली' असे म्हणायचे. आणि हातात जे काम येईल ते घ्यायचे, निवडायचे नाही. तव्यावरून कुणी उठवले तर जोडेघरात जायचे, तेथे गर्दी असेल तर झाडू घ्यायचा. माझे आजोबा तर ज्या कामात हात बसला आणि लोक वाखाणू लागले, ते काम मुद्दाम सोडून देत. गोदाकाठभाऊ, तुम्ही पाहिले ते खरे आहे आणि ते आमच्यातही बोलले जाते. माझ्या अनुभवात त्याची खूण एकच: सेवा काढून घेतल्यावर माणसाला राग येतो की नाही. राग आला तर ती सेवा नव्हती, मालकी होती.

पंगतीचाही हाच हेतू आहे. सगळ्यांनी जमिनीवर एका ओळीत बसायचे, वाढणाऱ्याने नाव-गाव विचारायचे नाही, आणि प्रसादा, म्हणजे पोळी, दोन्ही हातांत घ्यायचा. घेणे हीसुद्धा शिस्तच आहे. मोठमोठी देणगी देणाऱ्यांना ते जड जाते, हे मी पाहिले आहे.

जिज्ञासू_पुणे

मग अनेक गुरुद्वाऱ्यांत देणगीदारांची नावे कोरलेल्या संगमरवरी फरशा का असतात? ही हउमैची उघड जाहिरात नव्हे काय?

दख्खनी_सरदार

यावर आमच्या घरातही एकमत नाही. माझे वडील म्हणत की नाव पायाखाली आहे, संगत त्यावरून चालते, त्यामुळे ती नम्रताच आहे आणि बहुतेक नावे गेलेल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ असतात. माझा मुलगा म्हणतो की नाव कोरायचेच कशाला. मला दोघांचेही पटते.

वाणी_अभ्यासक

गुरू तेगबहादूरांचा या संदर्भातील सलोक कठोर आहे. तीर्थ, व्रत आणि दान करून मनात जो गुमान धरतो, त्याचे सगळे हत्तीच्या स्नानासारखे निष्फळ जाते. हत्ती अंघोळ करून बाहेर येतो आणि पुन्हा अंगावर धूळ उडवून घेतो. पण हे लक्षात घ्यावे की सलोकात 'मनात' असे म्हटले आहे. फरशीवरील नाव पाहून बाहेरच्या माणसाला त्या मनाचा निवाडा देता येणार नाही.

सेवेच्या मूळ प्रश्नासाठी मी तिसऱ्या गुरूंचे, अमरदासांचे उदाहरण घेते, कारण सेवा आणि हउमै यांच्याविषयी सर्वांत स्पष्ट वचन त्यांचे आहे आणि ते स्वतः सेवेतून गेलेले आहेत. त्यांचा जन्म १४७९चा आणि गुरू अंगदांचा १५०४चा, म्हणजे गुरू शिष्याहून पंचवीस वर्षांनी लहान. शिवाय गुरू अंगदांची मुलगी बीबी अमरो अमरदासांच्या पुतण्याला दिलेली होती. मुलाकडच्या वडीलधाऱ्या माणसाने मुलीच्या पित्याच्या दारी जाऊन पाणी भरावे, ही गोष्ट त्या काळच्या नातेसंबंधांच्या रीतीत किती उलटी होती, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. परंपरेतील साखी अशी की ते रोज पहाटेपूर्वी ब्यास नदीचे पाणी घागरीत भरून खडूरला गुरूंच्या स्नानासाठी आणत. एका अंधाऱ्या रात्री ते विणकराच्या मागाच्या खड्ड्यापाशी ठेचाळून पडले, तेव्हा आतून विणकराच्या बायकोने 'तो बिनठिकाण्याचा अमरू असेल' असे म्हटले. गुरू अंगदांनी त्यानंतर त्यांना निराश्रितांचा आश्रय म्हटले, अशी ही कथा सांगितली जाते.

पुढे १५५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, गुरुगादी त्यांच्याकडे आली. गुरू अंगदांचे पुत्र दातू यांना ते सहन झाले नाही आणि गोइंदवालच्या भर संगतीत त्यांनी वृद्ध गुरूंना लाथ मारली. साखीनुसार अमरदासांनी दातूंचा पाय हातात घेऊन म्हटले की माझी हाडे म्हातारी आणि कठीण आहेत, आपल्या पायाला लागले असेल. त्यानंतर ते गोइंदवाल सोडून बासरके या आपल्या गावी गेले आणि एका कोठडीत बसले.

या माणसाची वाणी आता वाचावी. वडहंस रागात, ५६०व्या अंगावर: 'हउमै नावै नालि विरोधु है दुइ न वसहि इक ठाइ, हउमै विचि सेवा न होवई ता मनु बिरथा जाइ'. हउमै आणि नाम यांचे वैर आहे, दोघे एका जागी राहत नाहीत, आणि हउमैमध्ये सेवा होतच नाही. तळवलकरजी, सेवा पुरेशी झाली की हउमै जाईल, असा क्रम आपण लावला होता. अमरदासांच्या वचनात क्रम तसा नाही. 'मी' मध्ये असेपर्यंत जे झाले त्याला ते सेवा म्हणायलाच तयार नाहीत. घागर वाहून थकलेल्या माणसाने हे म्हटले आहे, म्हणून त्याला वजन आहे.

निरगुडकर

वारकरी घरातला असल्याने मला हे सगळे ओळखीचे वाटते. आपल्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे 'मी' पूर्णपणे जाळून टाकणे, संसारापासून मन काढून एकांतात नामात बुडणे, हाच दोन्हीकडचा मार्ग आहे. गुरू अमरदास कोठडीत जाऊन बसले, यावरूनही तेच दिसते.

वाणी_अभ्यासक

नामदेवांचा दाखला योग्य, निष्कर्ष मात्र नाही. कोठडीची साखी तेथे संपत नाही. ज्येष्ठ शीख बाबा बुढ्ढा संगतीला घेऊन बासरकेला गेले. दारातून आत येऊ नये असे गुरूंनी लिहून ठेवले होते, म्हणून बाबा बुढ्ढांनी मागच्या भिंतीला भगदाड पाडून गुरूंना परत आणले. त्या ठिकाणी आज सन्न साहिब हा गुरुद्वारा आहे. म्हणजे एकांताला संगतीने मान्यता दिली नाही. 'सिद्ध गोसटि'मध्ये गुरू नानकांचा योग्यांशी झालेला संवादही याच मुद्द्याभोवती फिरतो.

आणि नामदेवांचे रामकलीतील पद पाहावे: 'आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले, पंच जना सिउ बात बतऊआ चीतु सु डोरी राखीअले'. मुलगा कागद आणतो, पतंग कापतो, आकाशात उडवतो, मित्रांशी गप्पाही मारतो, पण चित्त दोरीवर असते. ग्रंथातील कबीरांच्या सलोकांतही नामदेव आणि त्रिलोचन यांचा संवाद आहे. त्रिलोचन विचारतात की कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त लाव. नामदेव उत्तर देतात की मुखाने राम स्मरावा, हातापायांनी सगळे काम करावे आणि चित्त निरंजनाकडे ठेवावे. हउमै जाते म्हणजे काम करणारा नाहीसा होतो असे नाही, कामाचा मालक नाहीसा होतो. शब्दाची कमाई रोजच्या व्यवहारात कशी दिसते, याचे याहून स्पष्ट वर्णन मला ठाऊक नाही.

निरगुडकर

पतंगाच्या पदाचा अर्थ मी आजवर वेगळा घेत होतो. एकांताचा मुद्दा मागे घेतो, मात्र 'जब हम होते तब तू नाही, अब तूही मै नाही' हे रविदासांचे वचनही त्याच ग्रंथात आहे आणि त्यात 'मी' पूर्णच जातो, एवढे नोंदवतो.

जिज्ञासू_पुणे

मला मूळ सलोकातच विसंगती दिसते. हउमै हाही हुकूमच असेल, तर तो देवानेच दिलेला रोग झाला. औषध कृपेनेच मिळणार असेल, तर माणसाने काय करायचे? आणि मग तव्याजवळच्या सेवेकऱ्याला दोष तरी कसा द्यायचा?

वाणी_अभ्यासक

दोष देऊ नये, हे पहिले. प्रश्नाच्या उरलेल्या भागावर अभ्यासकांतही दोन वळणे आहेत. काही जण 'दारू भी इसु माहि' याचा अर्थ एवढाच घेतात की रोग जुना असला तरी असाध्य नाही. दुसरे म्हणतात की ज्या 'मी'मुळे रोग झाला, त्या 'मी'लाच 'मला रोग आहे' हे कळणे ही औषधाची सुरुवात आहे. गुरू नानकांच्या आधीच्या सलोकातील 'हउमै बूझै ता दरु सूझै', म्हणजे हउमै उमगली तर दार दिसते, ही ओळ या वाचनाला आधार देते. मी दुसऱ्या बाजूची आहे, कारण दोन सलोक शेजारी ठेवण्यामागे हाच हेतू असावा असे मला वाटते.

कृपा आणि प्रयत्न यांच्याबद्दल जपजी या गुरू नानकांच्या वाणीच्या चौथ्या पउडीत, म्हणजे कडव्यात, 'करमी आवै कपड़ा नदरी मोखु दुआरु' असे म्हटले आहे: कर्माने देह मिळतो, मोक्षाचे दार कृपादृष्टीने. त्याच पउडीत अमृतवेळेला उठून नामाचा विचार करण्यासही सांगितले आहे. दोन्ही विधाने एकत्र ठेवलेली आहेत आणि ग्रंथ त्यांपैकी एकाने दुसऱ्याला खोडत नाही.

जिज्ञासू_पुणे

एकत्र ठेवली आहेत हे मान्य, जुळवली आहेत हे अजून पटलेले नाही. कृपेची वाट पाहणारा आणि कमाई करणारा यांत फरक कसा ओळखायचा, हा माझा प्रश्न उरतोच.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या प्रश्नात एक गृहीतक होते, की सेवा ही औषधाची गोळी आहे आणि ती घेतली की गुण यायलाच हवा. ते सुटले. दख्खनी_सरदार यांनी सांगितलेली खूण मी इतरांवर न लावता स्वतःवर लावून पाहणार आहे. या रविवारी पोळ्यांच्या रांगेत न बसता जे काम समोर येईल ते घेईन. जपजीची दुसरी पउडी पाठ करायला घेतली आहे: 'नानक हुकमै जे बुझै त हउमै कहै न कोइ'. तिचा उच्चार कुणी नीट करून दाखवणार असेल तर कृपया कळवावे.

दख्खनी_सरदार

पहाटे 'आसा दी वार' सुरू होण्याआधी या. जपजीचा पाठ संगतीबरोबर म्हटला की उच्चार आपोआप बसतो. माझ्या शेजारी बसा.